शेअर देऊन कंपनी घेतली तरी ईपीएस वाढतो कसा? हॉर्लिक्सच्या सौद्याचा हिशेब

प्रश्न: नवे शेअर काढले की ईपीएस, म्हणजे शेअरमागचा नफा, कमी होतो असंच आजवर वाचत आलोय. मग हिंदुस्तान युनिलिव्हरने हॉर्लिक्सवाली कंपनी पूर्णपणे शेअर देऊन घेतली तेव्हा ईपीएस वाढेल असं कशाच्या जोरावर म्हणत होते? रोख किंवा कर्ज वापरलं असतं तर शेअरची संख्या वाढली नसती, म्हणजे आपला जास्त फायदा नसता का झाला?

उत्तर:

तुमच्या वाक्यातला अर्धा भाग बरोबर आहे. नवे शेअर काढून आलेला पैसा काहीही न कमावता नुसता पडून राहिला तर ईपीएस खाली येतो. पण इथे शेअरच्या बदल्यात एक चालती, नफा कमावणारी कंपनी आली. त्यामुळे बघायचं ते एवढंच: प्रत्येक नव्या शेअरमागे किती नफा आत आला, आणि जुन्या शेअरमागे आधीच किती होता. नव्याचा आकडा मोठा असेल तर सरासरी वर जाणार, लहान असेल तर खाली. मी गेली काही वर्षं अशा सौद्यांची मॉडेल्स तपासण्याचं काम करते. कितीही मोठी एक्सेल शीट समोर आली तरी आधी हा एक भागाकार करून बघते.

आकडे घालून पाहू. सौदा डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झाला. हॉर्लिक्सवाल्या ग्लॅक्सो स्मिथक्लाइन कन्झ्युमरच्या एका शेअरला हिंदुस्तान युनिलिव्हरचे ४.३९ शेअर, असं गुणोत्तर ठरलं. ग्लॅक्सो कन्झ्युमरचे साधारण ४.२१ कोटी शेअर होते, म्हणजे हिंदुस्तान युनिलिव्हरला सुमारे १८.४६ कोटी नवे शेअर काढावे लागले. आधीचे होते साधारण २१६.५ कोटी. जाहीर केलेली किंमत ३१,७०० कोटी रुपये. विलीनीकरण प्रत्यक्षात १ एप्रिल २०२० ला पूर्ण झालं. मी खाली २०१८-१९ या आर्थिक वर्षाचे नफे घेते, कारण ते वर्ष दोन्ही कंपन्यांचं स्वतंत्र आणि करोनाच्या आधीचं आहे.

त्या वर्षी हिंदुस्तान युनिलिव्हरचा करोत्तर नफा होता ६,०३६ कोटी, म्हणजे शेअरमागे २७.९ रुपये. ग्लॅक्सो कन्झ्युमरचा ९८३ कोटी. हे ९८३ कोटी १८.४६ कोटी नव्या शेअरवर वाटले तर शेअरमागे ५३ रुपये येतात. जुना शेअर २८ रुपये कमावतोय, नवा येताना ५३ घेऊन येतोय. दोन्ही एकत्र केले की ७,०१९ कोटी नफा, २३५ कोटी शेअर, ईपीएस २९.९ रुपये. सात टक्क्यांची वाढ. खर्चात बचत नाही, विक्रीत वाढ नाही, एका दुकानात जास्तीची बरणी गेलेली नाही, तरीही सात टक्के.

हे कुठून आलं? पीईमधल्या फरकातून. पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले त्याचा ईपीएस. ३१,७०० कोटी भागिले १८.४६ कोटी केले तर हिंदुस्तान युनिलिव्हरने आपला शेअर या सौद्यात साधारण १,७१७ रुपयांना धरला. २७.९ रुपये कमावणारा शेअर १,७१७ ला, म्हणजे पीई ६१ च्या वर. समोरची कंपनी ३१,७०० कोटींना घेतली आणि ती ९८३ कोटी कमावते, म्हणजे पीई ३२. ज्याचा पीई ६१ आहे त्याने ३२ पीईची वस्तू आपल्या शेअरमध्ये विकत घेतली की ईपीएस वाढणारच. तो अंकगणिताचा नियम आहे, त्यात व्यवस्थापनाचं कौशल्य लागत नाही. उलट १५ पीईच्या कंपनीने २५ पीईची कंपनी शेअर देऊन घेतली, तर ती कितीही उत्तम असो, पहिल्या वर्षी ईपीएस घसरणारच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. समजा हेच ३१,७०० कोटी रोख दिले असते. एवढी रोकड हिंदुस्तान युनिलिव्हरकडे नव्हती. वर्षाला सहा हजार कोटी कमावून त्यातला बहुतेक नफा लाभांशात वाटणारी ती कंपनी. तरी क्षणभर मानू की होती आणि ती ७ टक्क्यांनी गुंतवलेली होती. त्या वेळी कर साधारण ३५ टक्के होता, म्हणजे कर भरून हातात ४.५५ टक्के. रोख देऊन टाकली की हे उत्पन्न बुडालं: वर्षाला सुमारे १,४४० कोटी. बदल्यात आले ९८३ कोटी. शेअरची संख्या २१६.५ कोटीच राहिली, पण नफा ५,५७७ कोटींवर आला आणि ईपीएस २५.८ रुपयांवर. साडेसात टक्के घट.

कर्ज काढलं असतं तर आणखी वाईट. ८.५ टक्के व्याज धरलं (हा दर माझा, फक्त उदाहरणासाठी), करसवलत पूर्ण मिळाली असं मानलं, तर करोत्तर खर्च ५.५ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १,७५० कोटी. ईपीएस २४.३ रुपये. एकही नवा शेअर काढला नाही आणि ईपीएस जवळजवळ १३ टक्क्यांनी पडला.

म्हणून 'शेअर वाढले की डायल्यूशन', म्हणजे ईपीएसमध्ये घट, हे सूत्र डोक्यातून काढा. तिन्ही मार्गांना एकच कसोटी लागते. विकत घेतलेली कंपनी दिलेल्या किमतीवर किती टक्के कमावते, आणि तुम्ही वापरलेल्या पैशाचा करोत्तर खर्च किती टक्के. इथे कंपनी कमावत होती ९८३ भागिले ३१,७००, म्हणजे ३.१ टक्के. रोखीचा खर्च ४.५५, कर्जाचा ५.५. शेअरचा 'खर्च' म्हणजे पीई उलटा केला की येतो तो आकडा, एक भागिले ६१.५, फक्त १.६ टक्के. कर्ज अ‍ॅक्रिटिव्ह, म्हणजे ईपीएस वाढवणारं, व्हायला व्याजदर ४.८ टक्क्यांच्या खाली हवा होता. रुपयात तो कोण देणार?

पाठ्यपुस्तकात तुम्ही उलटा क्रम वाचला असेल: रोख सगळ्यात स्वस्त, मग कर्ज, शेअर सगळ्यात महाग. ती पुस्तकं बहुतेक अमेरिकी उदाहरणांवर बेतलेली असतात. तिथे दीर्घकाळ व्याजदर कमी आणि पीई १५ ते २० च्या घरात, त्यामुळे तो क्रम तिथे बरोबर ठरतो. १२ पीईच्या कंपनीसाठी शेअरचा खर्च ८.३ टक्के होतो आणि तिला ५.५ टक्क्यांचं कर्ज खरोखरच स्वस्त पडतं. आपल्याकडच्या ग्राहकोपयोगी कंपन्यांचे पीई ५० ते ६० असतात आणि कर्ज ८-९ टक्क्यांनी मिळतं, त्यामुळे क्रम उलटा होतो. तेव्हा 'कोणता मार्ग चांगला' याचं सार्वत्रिक उत्तर नाही. घेणाऱ्याचा पीई, व्याजदर आणि कराचा दर हे तीन आकडे सांगा, मग उत्तर देता येतं.

कराबद्दल थोडं थांबते, कारण भारतात मॉडेल इथेच सर्रास चुकतं. 'व्याज गुणिले एक वजा कराचा दर' हे सूत्र आपण डोळे झाकून घालतो. पण तुम्ही दुसऱ्या कंपनीचे शेअर विकत घेऊन ती उपकंपनी म्हणून ठेवली, तर त्या कर्जाच्या व्याजासमोर तुमचं उत्पन्न म्हणजे फक्त येणारा लाभांश. २०२० च्या वित्त कायद्याने अशा व्याजाची वजावट लाभांशाच्या २० टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. म्हणजे करसवलत जवळजवळ नाहीच असं धरून चालावं. वरच्या उदाहरणात सवलत काढून टाकली तर ईपीएस २४.३ वरून थेट २० रुपयांवर येतो. शिवाय शेअरखरेदीसाठी कर्ज देण्यावर भारतीय बँकांना रिझर्व्ह बँकेचे निर्बंध होते. ते सैल करण्याची घोषणा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली. तोवर कंपन्या रोखे, बिगरबँक वित्तसंस्था किंवा परदेशी कर्ज यांच्याकडे वळत.

शेअर देण्यामागेही कराचं कारण असतं. आयकर कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे विलीनीकरणाला करसवलती मिळायच्या असतील तर विलीन होणाऱ्या कंपनीतल्या किमान तीन चतुर्थांश मूल्याच्या भागधारकांनी घेणाऱ्या कंपनीचे भागधारक व्हावं लागतं. रोख दिली असती तर विकणाऱ्यांना भांडवली नफ्यावर कर बसला असता, आणि तो भरून निघेल एवढी जास्त किंमत त्यांनी मागितली असती. ईपीएसच्या गणितात ही गोष्ट कुठेच दिसत नाही, वाटाघाटीत मात्र ती पहिल्या दिवसापासून टेबलावर असते.

इथवर वाचून 'मग शेअर देणंच स्वस्त' असं वाटेल. तसं नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा अवघड भाग हाच आहे. १.६ टक्के हा शेअरचा आजचा, पहिल्या वर्षाचा खर्च आहे. कर्ज फेडलं की संपतं. शेअर दिला की तो भागीदार कायमचा. जुन्या भागधारकांनी एकत्रित कंपनीचा ७.९ टक्के हिस्सा देऊन टाकला. त्यात हॉर्लिक्सचा नफा येतो, तसा सर्फ, लक्स, डव्ह या सगळ्यांचा पुढचा नफाही येतो. मूळ कंपनी युनिलिव्हरचा स्वतःचा हिस्सा यामुळे ६७ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांच्या आसपास आला.

मी अशा वेळी दुसरा भागाकार करते. ग्लॅक्सो कन्झ्युमरने एकत्रित नफ्यात आणले ९८३ भागिले ७,०१९, म्हणजे १४ टक्के. हिस्सा मिळाला ७.९ टक्के. वरवर पाहता हिंदुस्तान युनिलिव्हरच्या भागधारकांचं घसघशीत झालं. पण समजा पुढे जुना धंदा वर्षाला १२ टक्क्यांनी वाढला आणि हॉर्लिक्स फक्त ४ टक्क्यांनी. दरवर्षी हॉर्लिक्सचा वाटा आक्रसत जातो, आणि साधारण नवव्या वर्षी तो ७.९ टक्क्यांखाली जातो. त्या वर्षापासून हाच सौदा ईपीएस खाली ओढू लागतो. पहिल्या वर्षी सात टक्के अ‍ॅक्रिटिव्ह असलेला सौदा नवव्या वर्षी डायल्यूटिव्ह! हे दर माझे, कल्पित. पण पीईमधला फरक बाजार उगाच ठेवत नाही. कमी पीईची कंपनी घेताना तुम्ही बहुधा कमी वाढ विकत घेत असता, आणि पहिल्या वर्षाच्या ईपीएसला ते कळत नाही.

त्याला आणखी एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे किंमत. गुणोत्तर ४.३९ असं ठरून गेलेलं होतं. जाहीर झाल्यापासून पूर्ण होईपर्यंत हिंदुस्तान युनिलिव्हरचा शेअर चढला, त्यामुळे १ एप्रिल २०२० ला त्याच १८.४६ कोटी शेअरची किंमत ४०,००० कोटींच्या वर गेली. ताळेबंदात सौद्याची नोंद त्या दिवसाच्या भावाने होते, म्हणून ब्रँड आणि गुडविल, म्हणजे मालमत्तेच्या किमतीहून जास्त मोजलेली रक्कम, यांचे आकडे फुगले. पण शेअर तेवढेच, नफा तेवढाच. ईपीएस २९.९ चा २९.९. वस्तू ३१,७०० कोटींना पडली की ४०,००० ला, ईपीएसच्या गणिताला फरकच पडत नाही. ज्या मापाला किंमत दिसत नाही, त्यावरून सौदा महाग की स्वस्त हे ठरवणं मला पटत नाही. त्यासाठी मी सरळ ३.१ टक्के या आकड्याकडे बघते. भागधारक वर्षाला ११-१२ टक्क्यांची अपेक्षा ठेवत असताना पहिल्या वर्षी ३.१ टक्के मिळतात. उरलेलं सगळं वाढीतून आणि बचतीतून यायला हवं, आणि कंपनीच्या सादरीकरणात तपासायचं ते हेच.

आता २९.९ या आकड्यालाही थोडं खरवडून बघू, कारण प्रत्यक्षात तो एवढा स्वच्छ नसतो. हॉर्लिक्सचा भारतातला ब्रँड ग्लॅक्सोच्या मूळ गटाकडे होता. तो हिंदुस्तान युनिलिव्हरने वेगळे ३,०४५ कोटी रोख देऊन घेतला. त्या रकमेवरचं बुडालेलं उत्पन्न ४.५५ टक्क्यांनी सुमारे १४० कोटी. ते वजा केलं की ईपीएस २९.३, आणि सात टक्क्यांची वाढ पाचवर येते. ब्रँड स्वतःचा झाल्यावर जी रॉयल्टी वाचेल ती उलट बाजूला मांडायची. 'शंभर टक्के शेअरचा सौदा' म्हटलं तरी आत कुठेतरी रोख दडलेली असते, ती शोधावी लागते.

दुसरी जागा म्हणजे ब्रँड, ग्राहकयाद्या, वितरणाचे करार यांची कागदावर होणारी झीज. इंड एएस १०३ या हिशेबाच्या नियमाप्रमाणे या सगळ्याची किंमत वेगळी काढावी लागते. गुडविल दरवर्षी कमी करावं लागत नाही, फक्त त्याची तपासणी होते. हॉर्लिक्ससारखा ब्रँड अमर्याद आयुष्याचा मानला तर त्याचंही तसंच, आणि इथे तेच केलं गेलं. पण समजा ५,००० कोटींच्या मालमत्तेचं आयुष्य दहा वर्षं ठरलं असतं. मग वर्षाला ५०० कोटींचा खर्च, कर वजा जाता ३२५ कोटी, आणि शेअरमागे सुमारे १.४ रुपये गेले. २९.९ चे २८.५ झाले, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त वाढ पुसली गेली. म्हणूनच काही कंपन्या 'झीज वगळून ईपीएस' दाखवतात. ते खोटं नसतं, पण सौदा डायल्यूटिव्ह असताना अ‍ॅक्रिटिव्ह म्हणून दाखवायचा हा सोपा मार्ग आहे. तळटीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रत्यक्षात काय झालं तेही सांगते. २०१९-२० मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरचा नफा ६,७३८ कोटी होता, २०२०-२१ मध्ये ७,९५४ कोटी. वाढ १८ टक्के. ईपीएस मात्र ३१.१ वरून ३३.९ झाला, म्हणजे साधारण ९ टक्के. मधलं अंतर नव्या शेअरचं. विलीनीकरणानंतरच्या वर्षात नफावाढीचा मथळा वाचून खूश होऊ नये ते यासाठीच. आणि हे ९ टक्के सौद्याच्या खात्यावर टाकायचे का? नाही. ते करोनाचं वर्ष होतं, साबण-सॅनिटायझरची मागणी वेगळी, सौंदर्यप्रसाधनांची वेगळी. सौदा झाला नसता तर ईपीएस किती असता, हा आकडा कोणत्याही वार्षिक अहवालात छापलेला नसतो. तुलना त्याच्याशी करायची असते.

तारखेचाही घोळ होतो. इथे सौदा १ एप्रिललाच पूर्ण झाल्याने पूर्ण वर्षाचा नफा आणि पूर्ण वर्षाचे शेअर मोजले गेले. तोच जानेवारीत झाला असता तर तीन महिन्यांचा नफा आला असता आणि नवे शेअरही चौथा हिस्सा धरले गेले असते, कारण ईपीएससाठी शेअरची वेळेनुसार सरासरी घेतात. ज्यांचा सीझन जानेवारी-मार्चमध्ये असतो अशा धंद्यात पहिल्या वर्षाचा आकडा त्यामुळे फसवा दिसतो. मी नेहमी दुसऱ्या पूर्ण वर्षाचा आकडा मागते.

कर्जाच्या सौद्यात वेगळा सापळा असतो. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतलं, त्यासाठी ३ अब्ज डॉलरचं अल्पमुदतीचं कर्ज काढलं, आणि त्याच वर्षी ते कमी करण्यासाठी राइट्स इश्यू आणला, म्हणजे आहे त्या भागधारकांना नवे शेअर विकले. जाहीर होताना ज्याने फक्त व्याज धरून ईपीएस काढला असेल, त्याच्या हिशेबात हे नंतरचे शेअर नव्हतेच. कर्ज नफ्याच्या तीन-चार पटींच्या पुढे जात असेल तर मी मॉडेलमध्ये आपणहून एक ओळ घालते: दोन वर्षांनी अर्धं कर्ज शेअर काढून फेडलं तर काय? ३१,७०० कोटींचं कर्ज म्हणजे हिंदुस्तान युनिलिव्हरच्या पाच वर्षांच्या नफ्याहून जास्त होतं. कर्जमुक्त ताळेबंद ही त्या कंपनीची ओळख आहे. तिने हे केलं असतं तर तिचा ६१ चा पीई तसाच राहिला असता, असं मी तरी गृहीत धरणार नाही.

तेव्हा या सौद्यात शेअर देणं मला योग्य वाटतं, पण ईपीएस सात टक्क्यांनी वाढला म्हणून नाही. कराची सोय, कर्जाचं ओझं नाही, आणि स्वतःचा शेअर महाग असताना त्याने खरेदी केली, ही तीन कारणं मला पुरतात. विकणाऱ्यालाही हे कळत होतंच. ग्लॅक्सोच्या मूळ गटाने आपल्याला मिळालेला ५.७ टक्के हिस्सा मे २०२० मध्ये, सौदा पूर्ण झाल्यावर दीड महिन्याच्या आत, बाजारात विकून मोकळं होणं पसंत केलं.

तुमच्या डोळ्यांसमोर दुसरा एखादा सौदा असेल तर घेणाऱ्याचा भाव आणि ईपीएस, दिलेली किंमत, समोरच्याचा करोत्तर नफा आणि पैसा कुठून आला हे लिहा. कागदावर दहा मिनिटांत पहिला अंदाज निघतो.